उसना प्रेक्षक: चार क्लिक, एक पोस्टमन आणि दोन सह्या

मंडळी, आजचा विषय आहे उसनवारीचा. पैशांच्या नव्हे, प्रेक्षकांच्या.

इन्स्टाग्रामवर रील टाकणाऱ्या कुणालाही विचारा, 'वाढायचं कसं?' उत्तर ठरलेलं असतं: 'कोलॅब कर.' म्हणजे आपल्यासारखंच काही करणारा दुसरा कुणीतरी शोधायचा, त्याच्यासोबत एक पोस्ट टाकायची, आणि त्याच्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण आपल्याकडेही वळतात का ते पाहायचं. नाहीतर त्याच्या व्हिडिओला आपला व्हिडिओ जोडून उत्तर द्यायचं. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की ही सोय कायमच होती असं वाटतं. पण तिच्यामागे जवळजवळ वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराच मजेशीर आहे. त्यात एक सपशेल पडलेलं फीचर आहे, एक स्कॉटिश पोस्टमन आहे आणि थोडा चोरीचा मामलाही आहे.

या सगळ्या इतिहासाकडे एकाच प्रश्नातून बघता येतं. तुम्ही कुणाला व्हिडिओतून उत्तर दिलंत, तर ते उत्तर ठेवायचं कुठे? मूळ व्हिडिओच्या खाली लटकवायचं, मूळ व्हिडिओ पोटात घेऊन वेगळं मांडायचं, की दोघांचं मिळून एकच काहीतरी बनवायचं? आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर पॉइंटर, कॉपी आणि शेअर्ड ऑब्जेक्ट. तिन्ही करून झालंय. आणि तिन्हींत उसन्या प्रेक्षकाचं गणित अगदी वेगळं येतं.

पहिला प्रयोग: पॉइंटर

यूट्यूबने 'व्हिडिओ रिस्पॉन्स' ही सोय मे २००६ मध्ये आणली. तेव्हा यूट्यूब जेमतेम वर्षाचं होतं आणि गूगलने ते विकत घ्यायला अजून पाचेक महिने होते. कल्पना साधी आणि तशी गोडच होती. लोक व्हिडिओखाली शब्दांत कॉमेंट टाकतात, मग व्हिडिओतून का टाकू नयेत? वेबकॅमसमोर बसून कुणीतरी आपलं मत मांडायचं, दुसऱ्याने त्याला वेबकॅमसमोर बसूनच उत्तर द्यायचं, तिसऱ्याने त्याला. सवाल-जवाबच म्हणा ना.

करायची पद्धत अशी होती. मूळ व्हिडिओच्या खाली रिस्पॉन्स टाकायची लिंक असे. तिथून तुम्ही नवा व्हिडिओ रेकॉर्ड करू शकायचात, नवा अपलोड करू शकायचात, किंवा तुमच्या चॅनेलवर आधीच पडून असलेला एखादा व्हिडिओ निवडून तिथे जोडू शकायचात. मूळ मालकाला तीन पर्याय होते: येतील ते सगळे रिस्पॉन्स आपोआप घ्यायचे, एकेक बघून मंजूर करायचे, किंवा सोयच बंद ठेवायची.

आता यातली गोम बघा. जोडला जात होता तो फक्त दुवा. रिस्पॉन्समध्ये मूळ व्हिडिओचा एक सेकंदही असायची गरज नव्हती. 'हा व्हिडिओ त्या व्हिडिओचं उत्तर आहे' असं तुम्ही म्हटलंत की झालं! तो खरंच उत्तर आहे का, हे तपासायला मूळ मालकाच्या डोळ्यांशिवाय काहीही नव्हतं. आणि रोज शेकडो रिस्पॉन्स येणारा मालक कुठे एकेक उघडून बघत बसणार?

व्हायचं तेच झालं. ब्राझीलमधल्या मिनास जेराइस इथल्या फेडरल विद्यापीठात फाब्रिसियो बेनेवेनुतो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच रिस्पॉन्सचा अभ्यास केला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ८२९ यूट्यूब वापरकर्ते एकेक करून माणसांनी तपासले होते. त्यांतले ६४१ सरळमार्गी, १५७ स्पॅमर आणि ३१ जण 'प्रमोटर' निघाले. (हे प्रमाण म्हणजे अख्ख्या यूट्यूबचं प्रमाण नव्हे बरं का. त्यांनी नमुना मुद्दाम असा निवडला होता की तिन्ही जातींची पुरेशी माणसं हाती लागावीत.)

स्पॅमर म्हणजे कोण ते आपल्याला ठाऊक आहे: गर्दी असलेल्या व्हिडिओला आपला भलताच व्हिडिओ चिकटवणारा. प्रमोटर ही जात जास्त हुशार. तेव्हा यूट्यूबवर 'सर्वाधिक उत्तरं मिळालेले व्हिडिओ' अशी एक यादी असायची. प्रमोटर एकाच व्हिडिओला ढिगाने रिस्पॉन्स लावायचा, म्हणजे तो व्हिडिओ त्या यादीत वर चढे आणि तिथून खरे प्रेक्षक मिळत. म्हणजे स्पॅमर दुसऱ्याच्या दारात उभा राहून गिऱ्हाईक ओढत होता, आणि प्रमोटर आपल्याच दारात भाड्याची गर्दी उभी करत होता :-)

रिप्लाय गर्ल

पण याचा खरा कळस झाला २०१२च्या सुरुवातीला. यूट्यूबवर 'रिप्लाय गर्ल' नावाने ओळखली जाणारी काही चॅनेलं उगवली. त्यांची पद्धत ठरलेली. त्या दिवशी जो व्हिडिओ जोरात चाललाय तो पकडायचा, त्यावर कॅमेऱ्यासमोर बसून मिनिटभर काहीतरी जुजबी बोलायचं, शीर्षकात मूळ व्हिडिओचं नाव घालायचं, खोल गळ्याचा टॉप दिसेल असा थंबनेल लावायचा आणि व्हिडिओ रिस्पॉन्स म्हणून जोडून टाकायचा. पुढच्या व्हिडिओलाही तेच. बघणारे चिडायचे, शिव्या घालायचे, डिसलाइकचा पाऊस पडायचा. पण व्ह्यूज मिळायचे आणि त्यांवर जाहिरातीचे पैसेही मिळायचे.

हे चालत कसं होतं? कारण त्या काळात यूट्यूबच्या उजव्या बाजूला 'संबंधित व्हिडिओ' म्हणून जी यादी दिसायची, ती बनवताना एखाद्या व्हिडिओवर किती क्लिक होतात याला भारी वजन होतं. रिस्पॉन्स म्हणून जोडलेला, मूळ नावाचेच शब्द मिरवणारा व्हिडिओ यंत्राच्या लेखी 'संबंधित' ठरणारच. आणि थंबनेलमुळे क्लिक मिळणारच. क्लिक करणारा माणूस पाच सेकंदांत वैतागून परत गेला, हे मात्र यंत्र मोजत नव्हतं. म्हणजे दुवा जोडणं फुकट, क्लिक मिळवणं सोपं, आणि निराश प्रेक्षकाची किंमत शून्य. अशा व्यवस्थेत उसनवारीची चोरी व्हायला कितीसा वेळ लागणार!

मार्च २०१२ मध्ये यूट्यूबने हे वजन बदललं. सुचवलेल्या व्हिडिओंसाठी क्लिकपेक्षा माणूस किती वेळ बघत राहिला याला महत्त्व दिलं. 'वॉच टाइम' हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द तेव्हापासून यूट्यूबच्या केंद्रस्थानी आला. रिप्लाय गर्लचं दुकान बसलं. पाच सेकंदांत पळणारा प्रेक्षक आता उलट त्यांना खाली ढकलू लागला.

पुढचा शेवट तर अगदीच कोरडा. ऑगस्ट २०१३ मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की १२ सप्टेंबरपासून व्हिडिओ रिस्पॉन्स बंद. कारण म्हणून त्यांनी एक आकडा दिला: ०.०००४ टक्के. म्हणजे ज्यांना रिस्पॉन्स दाखवला जातो अशा दहा लाखांपैकी फक्त चार जण त्यावर क्लिक करतात. दहा लाखांत चार!

इथे चौकस वाचकाला एक शंका येईल, आणि यायलाच हवी. क्लिक जर दहा लाखांत चार होते, तर रिप्लाय गर्ल जगत होत्या कशावर? याचं उत्तर असं की घराला दोन दारं होती. पुढचं दार म्हणजे व्हिडिओच्या खाली असलेली रिस्पॉन्सची जागा. तिथून जवळपास कुणीच आत येत नव्हतं. मागचं दार म्हणजे ती उजवीकडची 'संबंधित' यादी. खरी वर्दळ तिथून होती. रिस्पॉन्स हा प्रेक्षकासाठी दिलेला दुवा राहिलाच नव्हता, तो यंत्राला दिलेली खूण झाला होता. २०१२ मध्ये मागचं दार बंद झालं आणि पुढच्या दाराने तर कधीच कुणी येत नव्हतं. मग घर ठेवून करायचं काय? (हा दुसरा दुवा माझा तर्क, यूट्यूबने असं म्हटलेलं नाही. पण तारखा बघता तो बराच सरळ वाटतो.)

दुसरा प्रयोग: कॉपी

पॉइंटरचा दोष काय, तर उत्तर बघायला माणसाला उठून दुसरीकडे जावं लागतं. शिवाय तिथे गेल्यावर मूळ प्रश्न मागे राहतो. यावरचा उपाय म्हणजे उत्तराने प्रश्न सोबतच घेऊन फिरायचं. म्युझिकली या ॲपमध्ये 'डुएट' होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली टिकटॉकमध्ये विलीन झालं आणि डुएट जगभर पसरलं. पडद्याचे दोन भाग: एकात मूळ व्हिडिओ, दुसऱ्यात तुम्ही. दोन्ही एकाच वेळी चालणार. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये 'स्टिच' आलं. त्यात दुसऱ्याच्या व्हिडिओतले जास्तीत जास्त पाच सेकंद आपल्या व्हिडिओच्या सुरुवातीला लावायचे आणि पुढे आपलं बोलायचं.

फरक बारीक वाटतो, पण मोठा आहे. डुएट हा खाली लटकलेला रिस्पॉन्स नाही, तो स्वतःच एक पूर्ण व्हिडिओ आहे. तो फीडमध्ये आपल्या पायांवर उभा राहतो. ज्याने मूळ व्हिडिओ कधीच पाहिला नाही, त्यालाही सगळं समजतं, कारण मूळ त्याच्या आतच आहे. त्यामुळे मूळ व्हिडिओच्या दारात उभं राहून गिऱ्हाईक ओढायचा प्रश्नच मिटतो.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण बहुतेक भारतीयांनी टिकटॉकवर पाहिलंच नाही, कारण २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली होती. आपल्यापर्यंत ते ट्विटर आणि व्हॉट्सॲपवरून आलं. गोष्ट आहे नेथन एव्हन्सची. ग्लासगोजवळच्या एअरड्री गावचा २६ वर्षांचा पोस्टमन. हा गडी टिकटॉकवर खलाशांची जुनी गाणी गायचा. २७ डिसेंबर २०२० रोजी त्याने 'वेलरमन' टाकलं. एकटा, वाद्याविना, हाताने ठोके देत गायलेलं. गाणं मूळचं न्यूझीलंडचं, देवमाशांच्या शिकारीच्या काळातलं. वेलर बंधूंची तिथे ओटागोला १८३१ पासून वखार होती आणि त्यांच्या माणसांना म्हणायचे वेलरमन. हे लोक शिकारी गलबतांना साखर, चहा, रम वगैरे पुरवायचे. त्यांची वाट बघण्याचं हे गाणं.

काही दिवसांतच ल्यूक टेलर नावाच्या अमेरिकन तरुणाने त्यावर डुएट करून खालच्या पट्टीतला खर्जाचा आवाज जोडला. मग कुणी त्या दोघांच्या जोडीवर डुएट करून तिसरा आवाज घातला. मग चौथा. मग कुणी व्हायोलिन. जानेवारी २०२१च्या मध्यापर्यंत एका माणसाच्या गुणगुणण्याचं पूर्ण वाद्यवृंदासह समूहगान झालं होतं, आणि त्यांतले गाणारे एकमेकांना कधीही भेटलेले नव्हते.

आता हे डुएट घडतं कसं ते बघू, म्हणजे ते इथेच का जमलं ते कळेल. डुएट करताना तुम्ही आधीचं रेकॉर्डिंग ऐकत गाता. दोघं एकाच वेळी ऑनलाइन नसतात, त्यामुळे नेटवर्कच्या विलंबाची भानगड नाही. पण हेडफोन लावायलाच हवा. नाहीतर स्पीकरमधून येणारा मूळ आवाज तुमच्या माइकमध्ये पुन्हा घुसतो आणि दुहेरी ऐकू येतो. आणि हेडफोन वायरवालाच बरा. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १०० ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. म्हणजे तुम्ही अगदी तालात गात असलात तरी रेकॉर्डिंगमध्ये पाव ठोका मागे पडता. एका डुएटमध्ये हे खपून जातं. पण साखळीत प्रत्येक जण आधीच्या मिश्रणावर आपला थर देतो, आणि दिलेला थर पुन्हा काढता येत नाही. मागे पडलेला आवाज पुढच्या सगळ्यांच्या गाण्यात कायमचा राहतो.

आता खलाशी गाणं बघा. ठोका ठाम, चाल सोपी, कडव्यानंतर सगळ्यांनी मिळून म्हणायचं धृपद, वाद्यांची गरज नाही. शिवाय पारंपरिक, त्यामुळे एखादी म्युझिक कंपनी हक्क सांगत येईल ही भीती कमी. गाण्याच्या आतच रिकाम्या जागा आहेत, 'या, इथे तुमचा आवाज घाला' असं म्हणणाऱ्या. डुएट मागणाऱ्या व्हिडिओला नेमकी हीच गोष्ट लागते. सगळं भरून पूर्ण केलेल्या व्हिडिओवर लोक लाइक करतात आणि पुढे जातात. अपुरं राहिलेल्या व्हिडिओत लोक शिरतात.

आणि प्रेक्षक कुणाचा, कुणाला मिळाला? इथे गंमत आहे. रिस्पॉन्समध्ये उत्तर देणारा मूळ मालकाचा प्रेक्षक ओढत होता. इथे प्रवाह दोन्हीकडून वाहिला. टेलरला एव्हन्सचे श्रोते मिळाले, पण पुढे जोडलेला प्रत्येक नवा माणूस आपले श्रोते घेऊन आला आणि ते सगळे एव्हन्सचा आवाज ऐकत होते. कारण साखळीतल्या प्रत्येक कडीच्या पोटात एव्हन्स होताच. जानेवारी २०२१ मध्येच पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याशी करार केला, त्याने पोस्टातली नोकरी सोडली, आणि मार्चमध्ये त्याच्या वेलरमनचं रीमिक्स ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पण या पद्धतीलाही मर्यादा होतीच. डुएटच्या मथळ्यात आपोआप नाव यायचं ते फक्त लगेच आधीच्या माणसाचं. पाचव्या माणसाच्या व्हिडिओवर चौथ्याचं नाव दिसणार. पहिल्यापर्यंत पोचायचं तर एकेक पायरी मागे चढत जायचं. आणि व्हिडिओ ट्विटर-व्हॉट्सॲपवर गेला की तेही नाव गळून पडायचं. गर्दीच्या फोटोत चेहरे आहेत पण नावं नाहीत, अशी गत. एव्हन्सचं नाव टिकलं कारण तो मुळाशी होता आणि मुख्य आवाज त्याचा होता. मधल्या कड्यांपैकी कितीकांची नावं आज कुणाला आठवतात?

तिसरा प्रयोग: दोन सह्या

उरलेला पर्याय म्हणजे दुवाही नको, नक्कलही नको, वस्तूच एक आणि मालक दोन. इन्स्टाग्रामने 'कोलॅब' या नावाने हे जुलै २०२१ मध्ये तपासायला घेतलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी आणलं. पोस्ट टाकताना तुम्ही दुसऱ्याला सहलेखक म्हणून आमंत्रण देता. त्याने 'होय' म्हटलं की पोस्टच्या वर दोघांची नावं दिसतात. पोस्ट दोघांच्याही प्रोफाइलवर असते, दोघांच्याही फॉलोअरना दाखवली जाते, आणि लाइक-कॉमेंट यांचा हिशोब एकच असतो. त्याने 'होय' म्हटलं नाही तर काहीच होत नाही.

हा 'होय' म्हणजेच पंधरा वर्षांच्या उपद्व्यापातून निघालेलं शहाणपण. व्हिडिओ रिस्पॉन्समध्ये मालकाची संमती होती ती चौकीदारासारखी: नको असलेल्याला हाकलायची. कोलॅबमध्ये ती जामीनदारासारखी आहे. त्याचं नाव तुमच्या पोस्टवर जाणार, त्याच्या प्रोफाइलवर ती पोस्ट दिसणार. फालतू निघाली तर त्याचीही शोभा. त्यामुळे रिप्लाय गर्ल इथे जन्मालाच येऊ शकत नाही. मात्र मालकी तंतोतंत समान नाही हेही लक्षात ठेवा: मूळ टाकणाऱ्याने पोस्ट उडवली की दोघांकडूनही उडते. आमंत्रिताला फक्त स्वतःचं नाव काढून घेता येतं.

मग आता गणित काय? समजा, तुम्ही सह्याद्रीतल्या ट्रेकचे व्हिडिओ टाकता. तुमच्यासमोर दोन सोबती आहेत. एक दुसरा ट्रेकर, त्याचे फॉलोअर २०,०००. दुसरा पक्ष्यांचे फोटो काढणारा, त्याचे ८,०००. हात अर्थातच ट्रेकरकडे जातो. पण ट्रेकरच्या वीस हजारांपैकी १४,००० तुम्हालाही आधीच फॉलो करतात, तर नवे फक्त ६,०००. पक्षीवाल्याच्या आठ हजारांपैकी सामायिक १,०००, म्हणजे नवे ७,०००. लहान खात्यात नवी माणसं जास्त!

पण थांबा, हिशोब अजून संपला नाही. फॉलोअर आहेत म्हणून पोस्ट सगळ्यांना दिसते असं नाही. समजा दहातल्या एकाला दिसली. म्हणजे ट्रेकरकडून ६०० नवी माणसं, पक्षीवाल्याकडून ७००. आता त्यांतले तुमच्याकडे राहणार किती? ट्रेकरचा माणूस ट्रेकसाठीच तिथे आहे. शंभरातले पाच राहिले तर ३०. पक्षीवाल्याच्या माणसाला पक्षी हवेत, तुमचे किल्ले नकोत. शंभरातले दोन राहिले तर १४. म्हणजे पुन्हा ट्रेकरच बरा. (आकडे सगळे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.) तात्पर्य असं की नवेपणा आणि आवड यांचा गुणाकार पाहायचा. एक वाढला की दुसरा बहुधा घटतो. म्हणून सोबती 'अगदी आपल्यासारखा' नको आणि 'अगदीच वेगळा' नको, शेजारचा हवा. आणि पोस्टही शेजारधर्माची हवी: त्याच पक्षीवाल्याबरोबर 'राजमाचीच्या वाटेवर कोणते पक्षी दिसतात' असा व्हिडिओ केला, तर त्या दोन टक्क्यांचे चार होऊ शकतात, आणि चार झाले की १४ चे २८. गणित जवळजवळ बरोबरीत.

सामायिक माणसं किती ते इन्स्टाग्राम तुम्हाला सांगत नाही. ढोबळ अंदाजाचा एक उपाय आहे: त्याच्या आणि आपल्या शेवटच्या दहा पोस्टखालच्या कॉमेंट बघायच्या. निम्मी नावं तीच दिसली तर प्रेक्षक एकच आहे असं समजा. तुम्ही एकमेकांच्या घरी त्याच पाहुण्यांना जेवायला घालणार.

फसवी गोष्ट म्हणजे लाइकचा आकडा. कोलॅबमध्ये तो दोघांचा मिळून एकच असतो, त्यामुळे तो नेहमीपेक्षा मोठा दिसणारच. तो यशाचा पुरावा नव्हे, ती बेरीज आहे. बघायचं ते त्या पोस्टवरून तुमच्या प्रोफाइलवर किती जण आले आणि किती जणांनी फॉलो केलं. आणि खरी परीक्षा त्यानंतरच्या, तुम्ही एकट्याने टाकलेल्या दोन-तीन पोस्टची. ती नेहमीच्या पातळीपेक्षा थोडी वर राहिली तर काही माणसं मुक्कामाला आली. पुन्हा होती तिथेच आली तर प्रेक्षक उसना होता आणि परत गेला.

गंमत म्हणजे २०२५ मध्ये यूट्यूबनेही एकाच व्हिडिओवर एकाहून जास्त चॅनेलची नावं लावायची सोय आणली. दहा लाखांत चार क्लिक म्हणून रिस्पॉन्स बंद करून एक तप झालं होतं. उत्तर खाली लटकवायची कल्पना यूट्यूबने पुन्हा आणली नाही, आणली ती दोन सह्यांची.

असो. डुएट आणि कोलॅब यांत चांगलं कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं मत असं: ओळखपाळख नसेल तर डुएट, कारण तिथे कुणाला आमंत्रणासाठी गळ घालावी लागत नाही आणि आपलं काम आपल्या पायांवर उभं राहतं. ओळख झाल्यावर कोलॅब. टेलरने एव्हन्सकडे आमंत्रण मागितलं असतं आणि वाट बघत बसला असता, तर ते समूहगान आपल्याला कधी ऐकायलाच मिळालं नसतं.

तुमच्यापैकी कुणी कोलॅब करून वर सांगितल्यासारखा आधी-नंतरचा हिशोब ठेवला असेल तर जरूर कळवा. लाइकचे आकडे नकोत बरं का, पुढच्या तीन पोस्टचे हवेत :-)